आधी मीटरची नोंद, मग बिल

*काका, आम्ही पंचवटीत हिरावाडीला राहतो. बिल सासऱ्यांच्या नावावर आहे, ते आता नाहीत. १६ जानेवारीला, किंक्रांतीच्या दिवशी, वायरमन येऊन जुना मीटर काढून नवीन लावून गेला. तेव्हापासून दर महिन्याला २३१ युनिट येतात. मुलगा-सून दसऱ्यानंतर पुण्याला गेले, घरात आम्ही दोघंच, एवढी वीज जळणार कशी? डिसेंबर-जानेवारीचं बिल साडेबाराशेच्या आसपास होतं, आता २,५७० येतं. फेब्रुवारीत भरून टाकलं. मार्च, एप्रिलला ऑफिसात गेले तर त्यांनी पेनाने १,२५० करून सही दिली, ते भरले. मेच्या बिलात तेच कमी केलेले पैसे थकबाकी म्हणून आले! मेचे चालू २,५७० भरले. जूनचं बिल ५,२१० चं आहे, भरलेलं नाही. मोबाइलवर लाईट कापण्याचा मेसेज आलाय. मीटर जोरात पळतो बहुतेक. तिथला क्लार्क नीट बोलत नाही. वायरमनची चिठ्ठी देवघराच्या डब्यात सापडली: जुना ९८५८, नवा २. बिलावर मागील रीडिंग ५ जानेवारीचं, ९८१२ च येतंय. ५ जूनला मीटरचा फोटो काढला, ६०५ दिसतं. हे सगळं कागदाच्या मागे लिहून ठेवलंय, पण अर्ज कसा लिहू कळत नाही. तुम्ही लिहून द्याल का?*

*एक वाचक, हिरावाडी*

ताई, अर्ज खाली लिहून दिला आहे. पण तो देण्याआधी एक काम करा. मीटरच्या अंगावर बारकोडजवळ जो क्रमांक छापलेला असतो, तो बिलावरच्या मीटर क्रमांकाशी पडताळून पाहा. माझी जवळजवळ खात्री आहे की बिलावर अजून जुन्याच मीटरचा क्रमांक असेल. तुमच्या टिपणातल्या दोन आकड्यांवरून हे कळतं. वायरमनच्या चिठ्ठीवर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग ९८५८ आहे आणि बिलावर मात्र ‘मागील रीडिंग’ ९८१२ वरच थांबलेलं आहे. म्हणजे १६ जानेवारीला तुमच्या भिंतीवरचा मीटर बदलला, पण वीज कंपनीच्या संगणकात तो आजही बदललेला नाही.

पुढचं सगळं त्यातूनच आलं आहे. मीटर बदलला की वायरमन मीटर बदली अहवाल भरतो. त्यात जुन्या मीटरचा क्रमांक आणि शेवटचं रीडिंग, नव्याचा क्रमांक आणि सुरुवातीचं रीडिंग, तारीख, आणि ग्राहकाची सही असते. हा अहवाल ऑफिसात जाऊन संगणकात चढवावा लागतो. तो कुठे फायलीत अडकला की संगणक जुन्याच मीटरच्या रीडिंगची वाट पाहत बसतो. रीडिंग घेणारा माणूस येतो तेव्हा त्याला भिंतीवर वेगळाच क्रमांक दिसतो आणि आकडाही शंभर-दोनशेचा. ९८१२ नंतर १०० कसं येईल? मग बिलावर मीटरच्या स्थितीपुढे ‘फॉल्टी’ पडतं आणि तुमच्या आधीच्या वापराची सरासरी काढून बिल निघतं. ती सरासरी मुलगा-सून घरात होते त्या महिन्यांची आहे, म्हणून २३१. पाचही महिने अगदी तोच आकडा आला, यावरूनही हे रीडिंग नसून सरासरी आहे हे ओळखता येतं. खऱ्या वापराचा आकडा थंडीत आणि मे महिन्यात कधी सारखा येत नाही.

मार्च-एप्रिलला पेनाने कमी करून दिलेले पैसे थकबाकी होऊन परत आले, त्याचं कारणही इथेच आहे. पेनाची दुरुस्ती म्हणजे त्या दिवशी खिडकीवर कमी रक्कम भरून घ्यायला दिलेली परवानगी. संगणकातली मागणी २,५७० चीच राहिली. तुम्ही १,२५० भरले, उरलेले १,३२० कंपनीने तुमच्या नावावर बाकी ठेवले. दोन महिन्यांचे मिळून २,६४० झाले, त्यात जूनचे २,५७० मिळवले की बरोबर ५,२१० होतात. बिल खऱ्या अर्थाने दुरुस्त करायचं तर ऑफिसात बी-८० नावाचा फॉर्म करून वरिष्ठांची मंजुरी घ्यावी लागते, आणि मगच मागणीचा आकडा बदलतो. तोंडी विचाराल तर हाच शब्द वापरा, ‘आमचं बी-८० झालं का?’ समोरच्याला लगेच कळतं की पेनाच्या सहीवर हे प्रकरण मिटणार नाही.

पण नुसतं बी-८० झालं तरी पुरत नाही. त्याने मागची पाच बिलं सुधारतील आणि जुलैचं बिल पुन्हा २३१ चंच येईल, कारण मीटर क्रमांक जुनाच आहे. म्हणून अर्जात मागण्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिली मागणी मीटर बदलाची नोंद करण्याची. बिलांची दुरुस्ती दुसरी.

आता तुमच्या टिपणातल्या काही गोष्टी मी अर्जातून मुद्दाम काढल्या आहेत, त्याही सांगतो. ‘मीटर जोरात पळतो’ हे वाक्य अर्जात अजिबात नको. ते वाचलं की अर्ज मीटर तपासणीच्या वाटेने जातो. तपासणीचं शुल्क भरा, मीटर प्रयोगशाळेत पाठवा, अहवालाची वाट पाहा, आणि शेवटी उत्तर येतं की मीटर योग्य आहे. ते खरंच असेल, कारण तुमचा नवा मीटर ठीक चालतो आहे. १६ जानेवारी ते ५ जून या जवळपास पावणेपाच महिन्यांत तो ६०३ युनिट पुढे गेला. दिवसाला सव्वाचार युनिट होतात. फ्रिज, पंखे, टीव्ही आणि दोन माणसं असलेल्या घरात एवढे लागतातच. तुमचा मीटर हाच तुमचा सगळ्यात भक्कम साक्षीदार आहे, त्याच्यावर शंका घेऊ नका.

क्लार्कच्या बोलण्याचं दुःख मला समजतं. वयस्कर माणसाला खिडकीवर ताटकळत ठेवून वर तोडून बोलणं कुणालाही शोभत नाही. त्याची तक्रार करायची असेल तर वेगळ्या कागदावर, तारीख घालून करा. बिलाच्या अर्जात ती आली की वाचणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं, आणि ज्याच्या टेबलावरून तुमचा कागद पुढे सरकायचा आहे तोच दुखावतो. बिल सासऱ्यांच्या नावावर आहे, तो बदलही स्वतंत्र अर्जाने करून घ्या. तो व्हायची वाट पाहत ही तक्रार थांबवू नका. ज्या जागेला जोडणी आहे तिथला राहणारा कायद्याने ग्राहकच असतो, तुमच्या सहीने अर्ज चालतो. फक्त बिलावरचं नाव आणि अर्जदाराचं नाव अशी दोन्ही नावं लिहा.

रुपयांचा हिशोबही अर्जात मांडलेला नाही, फक्त युनिटचा मांडला आहे. बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन, वीज शुल्क असं बरंच काही असतं आणि विजेचे दरही वेळोवेळी बदलतात. तुमचा हिशोब पंधरा रुपयांनी जरी चुकला तरी चर्चा त्या पंधरा रुपयांवर अडकते. युनिटवर वाद घालता येत नाही, ते मीटरवर लिहिलेले आहेत.

तो हिशोब असा. ५ जानेवारीला जुन्या मीटरवर ९८१२ होते, तो काढला तेव्हा ९८५८. म्हणजे जुन्यावर ४६ युनिट जळले. नवा २ वर सुरू झाला आणि ५ जूनला ६०५ वर आला, ते ६०३. एकूण ६४९ युनिट, पाच बिलांचे. कंपनीने लावले २३१ गुणिले पाच, म्हणजे १,१५५. जादा लावलेले ५०६ युनिट.

अर्ज पूर्ण उतरवून घ्या. मोकळ्या जागा तुमच्या बिलावरून भरा.

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
(बिलावर छापलेला उपविभाग), नाशिक

दिनांक : ______

विषय : मीटर बदलल्याची नोंद न झाल्याने फेब्रुवारी ते जून २०२४ ची पाच बिले सरासरीने आल्याबाबत.

ग्राहक क्रमांक (१२ अंकी) : ______
बिलावरील नाव : ______
अर्जदार : ______ (बिलावरील ग्राहकाची सून, याच पत्त्यावर वास्तव्य)
पत्ता व मोबाइल : ______

महोदय,

वरील जोडणीचा जुना मीटर (क्र. ______) दि. १६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या कर्मचाऱ्यांनी काढून नवीन मीटर (क्र. ______) बसविला. त्या वेळी दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे जुन्या मीटरचे अंतिम रीडिंग ९८५८ व नवीन मीटरचे प्रारंभिक रीडिंग २ होते. मात्र आजतागायत बिलावर जुन्याच मीटरचा क्रमांक व मागील रीडिंग ९८१२ येत आहे. त्यामुळे फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे व जून २०२४ या पाचही महिन्यांची बिले प्रत्येकी २३१ युनिट अशी सरासरीने निघाली आहेत.

दि. ५ जानेवारी ते ५ जून २०२४ या काळातील प्रत्यक्ष वापर जुन्या मीटरवर ४६ युनिट (९८५८ वजा ९८१२) व नवीन मीटरवर ६०३ युनिट (६०५ वजा २), असा एकूण ६४९ युनिट आहे. बिलात आकारलेले युनिट १,१५५ आहेत. ५०६ युनिट जादा आकारले गेले आहेत.

मार्च व एप्रिल २०२४ ची बिले आपल्या कार्यालयाने हाताने दुरुस्त करून दिली व त्याप्रमाणे मी रक्कम भरली. परंतु कमी केलेली रक्कम पुढील बिलांत थकबाकी म्हणून दाखविण्यात आली आहे.

तरी विनंती की,

१. स्थळ पाहणी करून नवीन मीटरचा क्रमांक व रीडिंग यांची नोंद घ्यावी, आणि मीटर बदलाची नोंद पुढील बिल निघण्यापूर्वी संगणक प्रणालीत करावी. स्थळ पाहणी अहवालाची प्रत मला द्यावी.

२. त्यानंतर फेब्रुवारी ते जून २०२४ ची बिले रद्द करून प्रत्यक्ष वापराचे ६४९ युनिट पाच महिन्यांत विभागून, प्रत्येक महिन्याच्या दराने व स्लॅबचा लाभ देऊन सुधारित बिल द्यावे. चुकीच्या थकबाकीवरील विलंब आकार व व्याज रद्द करावे आणि जादा भरलेली रक्कम पुढील बिलात जमा दाखवावी.

३. या तक्रारीचा निर्णय होईपर्यंत वीज कायदा २००३ च्या कलम ५६(१) मधील तरतुदीप्रमाणे, मागील सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीइतकी रक्कम रु. १,६९० मी हरकत राखून भरत आहे. ती स्वीकारावी व वीजपुरवठा खंडित करू नये.

आपली,
(सही)

सोबत : मीटर बदलाच्या चिठ्ठीची प्रत; दि. ५ जूनच्या मीटरच्या फोटोची प्रत, जानेवारी ते जून २०२४ च्या बिलांच्या प्रती, हाताने दुरुस्त केलेल्या दोन बिलांसह, पावत्यांच्या प्रती.

अर्ज एका पानात बसतो. पाठपोट लिहू नका, झेरॉक्सला मागची बाजू हमखास राहून जाते.

दुसऱ्या मागणीतला ‘पाच महिन्यांत विभागून, स्लॅबचा लाभ देऊन’ हा तुकडा कुणी कितीही सांगितलं तरी गाळू नका. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. महिन्याचे पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० त्याहून बरेच महाग, ३०१ ते ५०० आणखी महाग आणि ५०० च्या पुढे सगळ्यात महाग. तुमचे ६४९ युनिट पाच महिन्यांत वाटले तर महिन्याला १३० येतात, म्हणजे १०० स्वस्तातले आणि जेमतेम ३० दुसऱ्या टप्प्यातले. पण नोंद करताना कुणी घाईत ते सगळे युनिट एकाच महिन्यात टाकले, तर ३४९ युनिट वरच्या दोन टप्प्यांत जातील आणि युनिट अगदी बरोबर असूनही बिल अवाच्या सवा येईल. मीटर बदलाची नोंद उशिरा झालेल्या घरांत हे फार वेळा होतं. लोक समजतात दुरुस्ती झाली, बिल पाहून हबकतात, आणि ऑफिस म्हणतं की हा तर तुमचाच वापर आहे. सुधारित बिल हातात आलं की पहिल्यांदा हेच बघा: युनिट किती महिन्यांत वाटले आहेत?

तिसऱ्या मागणीतले १,६९० कुठून आले तेही समजून घ्या, म्हणजे खिडकीवर सांगता येईल. बिलाबद्दल वाद असताना ग्राहकाने दोनांपैकी जी रक्कम कमी असेल ती हरकत राखून भरली, तर निर्णय होईपर्यंत वीज तोडता येत नाही. एक म्हणजे मागितलेली पूर्ण रक्कम, तुमच्या बाबतीत ५,२१०. दुसरी म्हणजे मागच्या सहा महिन्यांत तुम्ही जे भरलं त्याच्या सरासरीने येणारी महिन्याची रक्कम. डिसेंबर आणि जानेवारीचे मी अनुक्रमे १,२४० आणि १,२६० धरले आहेत, ते पावत्यांवरून तपासा. फेब्रुवारीचे २,५७०, मार्च आणि एप्रिलचे प्रत्येकी १,२५०, मेचे २,५७०. बेरीज १०,१४०, सहाने भागून १,६९०. पावत्यांवरचा आकडा वेगळा असेल तर अर्जातलाही बदला. तक्रार लांबली तर पुढच्या प्रत्येक महिन्यालाही अशीच सरासरी काढून भरत राहायचं, एकदा भरून गप्प बसायचं नाही. पावतीवर किंवा सोबतच्या अर्जाच्या प्रतीवर ‘हरकत राखून’ हे शब्द हवेत.

वीज तोडण्याआधी पंधरा पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, हेही त्याच कलमात आहे. म्हणून मेसेज पाहून रात्रीची झोप घालवू नका. उलट तो मेसेज नीट वाचा. त्यात एखाद्या खासगी मोबाइल नंबरवर फोन करायला किंवा लिंक उघडायला सांगितलं असेल तर तो भामट्यांचा आहे. ‘आज रात्री लाईट कापली जाईल’ अशा मेसेजने कित्येकांची खाती रिकामी झाली आहेत. शंका आली तर १९१२ वर फोन करून विचारा, आणि याच तक्रारीची तोंडी नोंदही तिथे करून तक्रार क्रमांक घ्या. तो क्रमांक अर्जाच्या वर एका कोपऱ्यात लिहा.

थकबाकीची धास्तीही घेऊ नका. फेब्रुवारी ते मे मिळून तुम्ही ७,६४० भरले आहेत. १३० युनिटचं बिल साधारण साडेबाराशे धरलं, तर त्या चार महिन्यांचे पाच हजारच होतात. जूनचं बिल त्यातून वजा केलं तरी माझ्या अंदाजाने तेरा-चौदाशे रुपये तुमचेच कंपनीकडे जमा आहेत, आणि आता भरायचे १,६९० त्यात आणखी मिळतील. हा हिशोब तुमच्या मनाच्या शांततेसाठी आहे, अर्जात घालू नका.

आता फोटोबद्दल. ५ जूनचा फोटो चांगला आहे, पण त्यात मीटरचा क्रमांक दिसतो का? नसेल तर अर्ज द्यायच्या दिवशी सकाळी नवा फोटो काढा. नव्या मीटरच्या पडद्यावर आकडे आपोआप बदलत राहतात. कधी तारीख, कधी वेळ, कधी सर्वाधिक मागणी. ज्या आकड्याबरोबर kWh अशी अक्षरं दिसतात तेच आपलं रीडिंग. त्याच्या आसपास kVAh असाही एक आकडा येतो, तो थोडा जास्त असतो आणि घाईत तोच टिपला जातो. सोपा उपाय म्हणजे मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. सुरुवात मीटरच्या अंगावरच्या क्रमांकापासून करा आणि कॅमेरा न थांबवता पडद्यावर आणा. क्रमांक आणि रीडिंग एकाच सलग चित्रणात आले की ‘हा तुमचाच मीटर कशावरून’ हा प्रश्न उरत नाही.

वायरमनची ती चिठ्ठी जपून ठेवा. तिच्यावर अख्खं प्रकरण उभं आहे. जुना मीटर आता भिंतीवर नाही, त्यामुळे ९८५८ हा आकडा सिद्ध करणारा तुमच्याकडचा तेवढाच कागद आहे. मूळ प्रत कुणालाही देऊ नका, मागितली तर दाखवा आणि परत घ्या. इतर वाचकांसाठी सांगतो, मीटर बदलायला कुणी आलं तर काढण्याआधी जुन्या मीटरचा आणि लावल्यावर नव्याचा फोटो घ्या, आणि ज्यावर सही करता त्या कागदाचाही घ्या. चिठ्ठी मिळालीच नसेल, तर अर्जातल्या पहिल्या मागणीत ‘मीटर बदली अहवालाची प्रत द्यावी’ असं जोडा, कारण तुमच्या सहीचा तो कागद ऑफिसात असायला हवा.

अर्ज उपविभागातच द्या. जवळच्या शाखा कार्यालयात दिला तर तो तिथून उपविभागात जाईपर्यंत पुढचं बिल निघतं. दोन प्रती न्या, एक द्या आणि दुसरीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं तर शांतपणे तिथेच उभ्या राहा. शिक्का द्यायलाच नकार मिळाला तर घरी येऊन तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याची नोंद छापून ठेवा. अर्ज देतानाच विचारा की स्थळ पाहणीला कोण येणार आणि केव्हा. माणूस आला की त्याने लिहिलेला मीटर क्रमांक स्वतः वाचून मगच सही करा. एका अंकाची चूक झाली तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तुमच्या मीटरच्या खोलीत शेजाऱ्यांचे मीटर एकाच फळीवर असतील तर घरातला मेन स्विच बंद करून दाखवा. मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा थांबला की तो तुमचाच, हे दोघांनाही दिसेल.

जुलैचं बिल आलं की रकमेकडे नंतर पाहा. आधी मीटर क्रमांक नवा आला का, स्थितीपुढचं ‘फॉल्टी’ गेलं का, आणि चालू रीडिंग तुमच्या मीटरशी जुळतं का, एवढं तपासा. हे तिन्ही बरोबर असेल आणि रक्कम अजून चुकीची असेल, तर नोंद झाली आहे आणि बी-८० बाकी आहे. दुसऱ्या मागणीचा आधार घेऊन तेवढ्यासाठी पाठपुरावा करा. रक्कम कमी झाली पण क्रमांक जुनाच असेल, तर पुन्हा पेनाचीच दुरुस्ती झाली आहे असं समजा आणि शिक्क्याची प्रत घेऊन विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना भेटा.

तिथेही काही झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे. वीज कायद्याच्या कलम ४२ खाली हे मंच नेमलेले आहेत आणि नाशिक परिमंडळाचा मंच नाशिकमध्येच आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे जावं लागतं. तुमचं पहिलं चुकीचं बिल फेब्रुवारी २०२४ चं, म्हणजे वेळ भरपूर आहे. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे जाता येतं. पण तुमच्याकडे चिठ्ठी आहे, फोटो आहे आणि हिशोब जुळतो आहे. उपविभागातल्या माणसाने कागद नीट वाचला तर काम तिथेच व्हायला हवं. जुलैचं बिल आलं की त्याचा आणि शिक्का मारलेल्या प्रतीचा फोटो मला पाठवा. क्रमांक बदललेला नसेल तर मंचाचा अर्जही आपण याच कागदांवरून लिहू.